किडनीच्या पथ्याचं शाकाहारी ताट

रोजच्या जेवणातून शरीरात येणारं जादा मीठ, पोटॅशियम आणि फॉस्फरस मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडांच्या जुनाट आजारात ही गाळण्याची क्षमता वर्षानुवर्षं हळूहळू घटत जाते. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून तिचा अंदाज काढतात आणि तपासणीच्या अहवालात तो आकडा ईजीएफआर या नावाने छापलेला असतो. तो 30च्या खाली आला की आजार चौथ्या टप्प्यात आणि 15च्या खाली आला की पाचव्या टप्प्यात गेला असं धरतात. डायलिसिस सुरू होण्याआधीच्या या काळात औषधांच्या बरोबरीने ताटाचाही विचार करावा लागतो, कारण बाहेर जाण्याची वाट अरुंद झाल्यावर आत काय आणि किती येतं यालाच महत्त्व येतं.

तीनही घटकांचा त्रास वेगवेगळ्या वाटेने होतो. मीठ साठलं की पाणी साठतं, पायांना सूज येते, रक्तदाब चढतो आणि पुढे धाप लागते. रक्तातलं पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि बरेचदा आधी कोणतंही लक्षण दिसत नाही. फॉस्फरसचा त्रास सावकाश होतो. अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना जमू लागतो.

शाकाहारी माणसाची अडचण अशी, की त्याची प्रथिनं डाळी, कडधान्यं आणि दुधातून येतात आणि याच पदार्थांत पोटॅशियम आणि फॉस्फरसही भरपूर असतं. म्हणून निदान झालं की घरात एकेक पदार्थ बंद होऊ लागतो. आधी डाळ जाते, मग दूध, मग फळं, मग हिरव्या भाज्या. काही महिन्यांत रुग्ण भात आणि दुधी यांवर येतो, वजन उतरतं, दंड बारीक होतात, पायऱ्या चढवत नाहीत. पोटाला पुरेसे उष्मांक मिळाले नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, आणि मोडलेल्या स्नायूंतून युरिया आणि पोटॅशियम पुन्हा रक्तातच येतं. पथ्यामुळेच अहवाल बिघडतो तो असा. त्यामुळे आखणी करताना काय बंद करायचं यापेक्षा कोणत्या क्रमाने विचार करायचा हे आधी ठरवावं लागतं. मीठ सगळ्यांनाच कमी करायचं असतं. प्रथिनं मोजून घ्यायची असतात, बंद करायची नसतात. फॉस्फरसमध्ये तो कुठून आला हे पाहायचं असतं, आणि पोटॅशियमला हात लावायचा तो रक्ताचा अहवाल पाहून.

मीठ

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मूत्रपिंडाच्या रुग्णाने दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं. म्हणजे सगळं मिळून सुमारे 5 ग्रॅम मीठ, चहाचा सपाट एक चमचा. पिठं, दूध आणि भाज्या यांतही थोडं सोडियम असतंच. ते वजा केलं तर स्वयंपाकात घालायला चारच ग्रॅम उरतात.

घरात सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र होत असताना हे पाळायची सोपी रीत म्हणजे रुग्णाचं मीठ वेगळं ठेवणं. सकाळी एका छोट्या डबीत पाऊण चमचा मीठ काढावं. भाजी आणि आमटी शिजली की मीठ घालायच्या आधी रुग्णाचा वाटा बाजूला काढावा आणि त्यात त्या डबीतलंच मीठ घालावं. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं मीठ संपलं. शिजताना घातलेल्या मिठापेक्षा शेवटी वरून घातलेलं मीठ जिभेला जास्त जाणवतं, त्यामुळे थोड्या मिठातही चव राहते. पोळीच्या कणकेत मीठ घालायची गरज नसते, आणि भाकरी तर बहुतेक घरांत बिनमिठाचीच असते. लिंबू, लसूण, जिरं, मिरी, हिंग, ओली मिरची, कढीपत्ता यांनी उणीव बरीच भरून निघते. आमसूल चालतं, पण ते बिनमिठाचं पाहून घ्यावं. कोकमाचं आगळ मात्र मीठ घालूनच टिकवतात.

डबीबाहेरून येणारं मीठ जास्त फसवं असतं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, कुरडया, फरसाण, सॉस आणि विकतचे तयार मसाले ही उघड नावं झाली. ब्रेड आणि बिस्किटं गोड किंवा फिकी लागतात, म्हणून त्यांचा संशय येत नाही. खाण्याचा सोडा आणि पापडखार खारट लागत नाहीत, पण तेही सोडियमचेच क्षार आहेत. त्यामुळे सोडा घातलेला ढोकळा किंवा भजी मिठाच्याच हिशोबात धरावी लागतात.

मिठाला पर्याय म्हणून दोन गोष्टी सुचवल्या जातात आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारख्या आहेत. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, ते उपवासाला चालत असलं तरी मूत्रपिंडाला साध्या मिठासारखंच. दुसरं म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णांसाठी विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड धड असलेल्या माणसाला ते उपयोगी पडू शकतं, पण चौथ्या-पाचव्या टप्प्यातल्या रुग्णाचं पोटॅशियम त्याने धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. घरात एकाला रक्तदाब आणि दुसऱ्याला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे पाकीट स्वयंपाकघरात न आणलेलंच बरं.

पथ्य खरोखर पाळलं जातंय का, हे चोवीस तासांच्या लघवीतलं सोडियम मोजून कळतं. 2 ग्रॅम सोडियम म्हणजे त्या अहवालात सुमारे 87 मिलिमोल. आकडा दीडशे-दोनशे आला, तर घरातल्या कोणीही मीठ कमी केल्याचं सांगितलं तरी ते कुठून तरी येत असतं.

डाळ बंद नव्हे, डाळ मोजून

डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. मधुमेह असेल किंवा तब्येत आधीच खंगलेली असेल, तर वरच्या टोकाकडे राहतात. 55 किलोच्या माणसाला याचा अर्थ दिवसाला 33 ते 44 ग्रॅम. यातली निम्मी प्रथिनं धान्यांतून आपोआप येतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पोळी, भात आणि रवा मिळून अठरा-वीस ग्रॅम सहज भरतात. उरलेल्यासाठी एक वाटी वरण, थोडं पनीर आणि चहापुरतं दूध पुरतं. धान्य आणि डाळ एकाच दिवशी पोटात गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, म्हणून वरणभात किंवा मुगाची खिचडी या आजारातही चांगलं अन्न आहे. मात्र त्यात डाळ किती हे मोजायला हवं. कच्ची डाळ 25 ते 30 ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ, हा दिवसाचा वाटा.

उष्मांकांची बाजू तितकीच महत्त्वाची. दर किलोमागे 25 ते 35 उष्मांक मिळाले तरच मोजून दिलेली प्रथिनं शरीराच्या डागडुजीला वापरली जातात, नाहीतर ती इंधन म्हणून जळून जातात. तेल, तूप, साखर, साबुदाणा आणि तांदूळ यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस नगण्य किंवा कमी असतं, त्यामुळे उष्मांक वाढवायचे ते यांतून. एरवीच्या आरोग्यसल्ल्याच्या हे उलट वाटतं आणि कुटुंबीयांना पटवणं अवघड जातं. गुळाऐवजी साखर हा सल्लाही असाच. गुळात पोटॅशियम बरंच असतं, साखरेत जवळपास नसतं. मधुमेही रुग्णाला अर्थातच साखर आणि साबुदाणा असा सरसकट देता येत नाही. तिथे तेल-तुपावर जास्त भिस्त ठेवावी लागते. पण रक्तशर्करा अचानक उतरली तर त्यालाही साधी साखर किंवा ग्लुकोज द्यावं, संत्र्याचा रस नको.

पोटॅशियम: आधी अहवाल, मग भाजी

चौथ्या टप्प्यातल्या प्रत्येक रुग्णाचं पोटॅशियम वाढलेलं नसतं. ते 4.5 असलेल्या माणसाने फळं आणि भाज्या सोडण्याचं कारण नाही. उलट भाज्यांमुळे रक्तातली आम्लता कमी व्हायला आणि पोट साफ व्हायला मदत होते. 2020 सालच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट मर्यादा न घालता रक्तातल्या पातळीनुसार आहार बदलावा, असंच सांगितलं आहे.

अहवालात आकडा 5.5च्या आसपास किंवा वर आला, तरी ताटावर बोट ठेवण्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळलेला राहिला, मूठ सारखी उघडझाप केली किंवा नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. अशा वेळी डॉक्टर नमुना पुन्हा घेतात. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही औषधांनी पोटॅशियम वाढतं. रक्त आम्लधर्मी झालं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं, आणि त्यासाठी डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात. बद्धकोष्ठ हेही एक कारण आहे. मूत्रपिंड थकल्यावर मोठं आतडं पोटॅशियम बाहेर टाकण्याचं काम वाढवतं आणि पोट तुंबलं की ती वाटही अडते. भाज्या सगळ्या बंद केल्याने पोट तुंबतं आणि पोटॅशियम वाढतं, असं दुष्टचक्र कित्येक घरांत चालू असतं.

हे सगळं पाहूनही आकडा चढाच असेल, तर ताटाकडे वळायचं. तेव्हा दिवसाचं पोटॅशियम साधारण 2,000 मिलिग्रॅमच्या आसपास आणतात. मोठे वाटेकरी थोडेच असतात आणि ते ओळखले की बाकीचं सोपं जातं. एका शहाळ्याच्या पाण्यात 500 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकतं. आजारी माणसाला शहाळं द्यायची आपली रीत या एका आजारात घातक ठरते. एका केळ्यात सुमारे 400, शंभर ग्रॅम बटाट्यात 400हून थोडं जास्त, तेवढ्याच पेरूत साधारण तितकंच, तर टोमॅटोत 240. पालक, शेवग्याच्या शेंगा, रताळं, खजूर, सुकामेवा आणि शेंगदाणे याच बाजूचे. दुसऱ्या बाजूला दुधी, दोडका, कोबी, काकडी आहेत आणि फळांत सफरचंद, पेअर, अननस. शंभर ग्रॅम सफरचंदात साधारण शंभरच मिलिग्रॅम असतं. भारतीय पदार्थांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांत मिळतात. आहारतज्ज्ञ त्यांवरूनच हिशोब करतात.

पदार्थ कोणता याच्याइतकंच तो कसा शिजवला यावर पोटॅशियम ठरतं, कारण ते पाण्यात विरघळतं. भाजी चिरून रात्रभर पाण्यात ठेवावी हा सल्ला सर्रास दिला जातो. पण 2008 साली अमेरिकेत बटाट्यांवर झालेल्या प्रयोगात नुसतं भिजवून ठेवल्याने पोटॅशियम जवळजवळ घटलं नाही. फोडी करून उकळल्यावर ते निम्म्याने आणि किसून उकळल्यावर सुमारे पाऊण हिश्श्याने कमी झालं. म्हणजे काम होतं ते बारीक चिरण्याने, उकळण्याने आणि पाणी ओतून देण्याने. भाजी सोलून बारीक चिरावी, तिच्या चार-पाच पट पाण्यात घालून आठ-दहा मिनिटं उकळावी, पाणी पूर्ण काढून टाकावं आणि मग फोडणी द्यावी. अख्खा बटाटा सालासकट उकडला तर यातलं फारसं काही होत नाही.

डाळीलाही हेच लागू पडतं. कुकरमध्ये वरण लावलं की डाळीतलं सगळं पोटॅशियम त्याच भांड्यात राहतं. त्याऐवजी डाळ उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळावी, अर्धीमुर्धी शिजली की वरचं पाणी काढून टाकावं आणि नव्या पाण्यात शिजवून घोटावी. पुरणपोळीच्या दिवशी पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढतात आणि त्या कटाची आमटी करतात. डाळीतलं पोटॅशियम या कटात उतरलेलं असतं, म्हणून रुग्णाने कटाची आमटी टाळायची. पातळ वरणाचं वरचं पाणी किंवा भाज्यांचं सूप हलकं म्हणून दिलं जातं, पण त्यातही नेमकं तेच उतरलेलं असतं.

उकळून पाणी टाकल्याने काही जीवनसत्त्वंही निघून जातात. ती भरून काढायला मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच्या वेगळ्या गोळ्या असतात. नेहमीच्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळीतलं अ जीवनसत्त्व या आजारात साठून राहतं, म्हणून ती आपल्या मनाने घेऊ नये.

फॉस्फरस कुठून आला

रक्तातल्या फॉस्फरसची सामान्य पातळी 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम असते आणि आहारातली मर्यादा दिवसाला 800 ते 1,000 मिलिग्रॅम धरतात. पण नुसता आकडा इथे दिशाभूल करतो. डाळी आणि धान्यांमधला फॉस्फरस बराचसा फायटेट या रूपात असतो आणि ते फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात जवळपास नसतं. त्यामुळे त्यातला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भागच अंगी लागतो. दुधातला त्यापेक्षा जास्त शोषला जातो. कारखान्यात पदार्थ टिकवण्यासाठी किंवा फुगवण्यासाठी घातलेला फॉस्फेटचा क्षार तर जवळपास पूर्ण शोषला जातो. 2011 साली अमेरिकेत शॅरन मो यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या रुग्णांना काही दिवस शाकाहारी आणि काही दिवस मांस व दुधाचा आहार दिला. दोन्हींत फॉस्फरस सारखाच होता, तरी शाकाहाराच्या दिवसांत रक्तातली पातळी कमी राहिली. रुग्ण फक्त नऊ होते, म्हणून या अभ्यासावर फार भार टाकता येत नाही, पण शोषणाबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी तो जुळतो.

म्हणून शाकाहारी घरात फॉस्फरस कमी करण्याची सुरुवात डाळीपासून करू नये, पाकिटांपासून करावी. पाकिटावर घटकांच्या यादीत अनेकदा फॉस्फरसचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. 338 ते 341 आणि 450 ते 452 हे क्रमांक फॉस्फेटचे. कोलासारख्या गडद पेयांत, प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये, बेकिंग पावडर घातलेल्या केक-बिस्किटांत आणि झटपट मिश्रणांत ते सापडतात. त्याच यादीत 508 दिसला, तर ते पोटॅशियम क्लोराइड.

त्यानंतर दूध. रोज अर्धा लिटर म्हशीचं दूध पिणाऱ्या माणसाला त्यातूनच 500 ते 600 मिलिग्रॅम फॉस्फरस मिळतो. चहापुरतं दूध ठेवून बाकीच्याऐवजी घरी केलेलं पनीर घेतलं, तर प्रथिनं मिळतात आणि दुधातलं बहुतेक पोटॅशियम निवळीबरोबर निघून जातं. ही निवळी पौष्टिक म्हणून कणकेत वापरायची सवय असते, रुग्णाच्या पोळीसाठी ती वापरू नये. पनीरमध्ये फॉस्फरस मात्र राहतोच, म्हणून तेही 30 ग्रॅमच्या आसपासच बरं.

एका दिवसाचं गणित

समजा, 58 वर्षांची, 55 किलो वजनाची एक शाकाहारी गृहिणी आहे. मधुमेह नाही, रक्तदाब आहे, पायांवर थोडी सूज आहे. ईजीएफआर 17, पोटॅशियम 5.7, फॉस्फरस 5.1. डायलिसिस अजून सुरू नाही. तिच्या दिवसात दोन चहा आणि रात्रीचा एक पेला मिळून 400 मिलिलिटर दूध आहे, एक केळं आहे, अशक्तपणा वाटतो म्हणून एक शहाळं आहे, कुकरमधली बटाट्याची रस्सा भाजी आहे, कोशिंबिरीत टोमॅटो आणि दाण्याचा कूट आहे. वरणभात आणि पोळी धरायच्या आधीच या सहा गोष्टींचं पोटॅशियम 2,400च्या घरात जातं. शिवाय दोन्ही वेळा पापड आणि लोणचं.

तिचं नवं ताट असं बसवता येतं. सकाळी 50 मिलिलिटर दुधाचा गोड चहा आणि 50 ग्रॅम रव्याचा उपमा. उपम्यात कांदा, मिरची, कढीपत्ता आहे, पण उडदाची डाळ आणि शेंगदाणे नाहीत. दुपारी 75 ग्रॅम तांदळाचा भात, एक पोळी, पाणी बदलून शिजवलेलं 25 ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण, वर लिंबू आणि उकळून पाणी काढलेल्या दुधीची भाजी. मधल्या वेळी दुसरा चहा, 30 ग्रॅम साबुदाण्याची तुपातली खिचडी आणि एक सफरचंद. रात्री 80 ग्रॅम तांदळाच्या पिठाची भाकरी, कोबीची भाजी आणि तिच्यात 30 ग्रॅम पनीर. तेल-तूप मिळून दिवसाला सात चमचे.

या दिवसात सुमारे 1,700 उष्मांक आणि 37 ग्रॅम प्रथिनं मिळतात. फॉस्फरस 700 मिलिग्रॅमच्या आसपास राहतो आणि त्यातला बराच वनस्पतींमधला असतो. पोटॅशियम 1,300 ते 1,500 मिलिग्रॅम भरतं. मीठ उपम्यात, वरणात आणि दोन भाज्यांत वाटून चार ग्रॅम. पोटॅशियमची 2,000ची मर्यादा गाठायला अजून जागा आहे, हे या गणितात विशेष पाहण्यासारखं आहे. ती जागा रिकामी ठेवायची गरज नाही. एक दिवस पपईची फोड, एक दिवस उकळून पाणी काढलेली फुलकोबी, मेथीची थोडी भाजी तीत बसते, आणि भाताचं प्रमाण जास्त असलेल्या या ताटात चोथ्यासाठी ती हवीच.

दोन-तीन आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासल्यावर ते 5च्या खाली आलं, तर ताट थोडं सैल करतात. तसंच चढं राहिलं, तर औषधं, सोड्याच्या गोळ्या, पोट साफ होतं की नाही आणि मिठाचं पाकीट कोणतं, हे सगळं पुन्हा पाहतात. 6च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. सोबत स्नायूंत जोर वाटेनासा झाला किंवा नाडी मंद लागली, तर थेट रुग्णालय गाठावं. दर महिन्याला वजन टिपून ठेवावं. मात्र सूज असेल तर काट्यावर पाणीही मोजलं जातं आणि खंगणं लपून राहतं, म्हणून बांगड्या सैल झाल्या का, जिना चढताना मांड्या भरून येतात का, याकडेही लक्ष हवं.

उपवासाचे दिवस

साबुदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस नगण्य असतं, तरी उपवासाच्या दिवशी हे पथ्य हमखास मोडतं. एका ताटलीतल्या खिचडीत 60 ग्रॅम साबुदाणा, 75 ग्रॅम बटाटा आणि 30 ग्रॅम दाण्याचा कूट धरला, तर सुमारे 530 मिलिग्रॅम पोटॅशियम होतं आणि त्यातलं साबुदाण्याचं दहा मिलिग्रॅमही नसतं. बटाटा वगळून आणि कूट चमचाभर ठेवून तीच खिचडी तूप, जिरं, मिरची आणि लिंबावर केली की रुग्णाला चालते. खरा धोका असतो तो खिचडीनंतर आलेल्या रताळ्याच्या किसाचा, केळ्याचा, खजुराचा आणि शहाळ्याचा. निर्जळी उपवास मात्र या टप्प्यात करूच नये. पाणी कमी पडलं की उरलेलं मूत्रपिंडही अचानक काम थांबवू शकतं.

एका फळाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. कमरख, ज्याला स्टारफ्रूट म्हणतात, ते कोकणात आणि गोव्यात परसात पिकतं. त्यात मज्जासंस्थेला विषारी असलेला एक घटक असतो. निरोगी माणूस तो बाहेर टाकतो, पण मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसात तो साठतो. न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. हे फळ या रुग्णांनी एक फोडसुद्धा खाऊ नये.

डायलिसिस सुरू झाल्यावर

डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांचा हिशोब उलटा होतो. यंत्रातून आणि पोटातल्या द्रवातून प्रथिनांचे घटक बाहेर जातात, त्यामुळे दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. वरच्या गृहिणीला तेव्हा दिवसाला 55 ते 66 ग्रॅम घ्यावी लागतील. डाळीचे वाटे वाढतात, पनीर वाढतं आणि त्यांच्याबरोबर फॉस्फरसही वाढतो. तो शोषला जाऊ नये म्हणून डॉक्टर फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या देतात. त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, कारण अन्न आणि गोळी पोटात एकत्र असली तरच ती काम करते. जेवणानंतर दोन तासांनी आठवण झाली तर तिचा उपयोग होत नाही, आणि जेवण चुकलं तर तेव्हाची गोळीही घ्यायची नसते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याला दोन फेऱ्यांमध्ये एकदा तीन दिवसांचं अंतर पडतं. पोटॅशियम सर्वांत चढतं ते त्याच अंतराच्या शेवटी, म्हणून फळांचा वाटा आठवड्यात मागेपुढे करायचा असेल तर त्या दिवसांत तो कमी ठेवतात.